फुल्यांच्या जागी काय होतं

मी उल्का. वय सत्तेचाळीस, चष्मा दोन नंबरांचा आणि तोंड एकदम स्वच्छ. हे शेवटचं मी बढाई म्हणून सांगत नाही, गैरसोय म्हणून सांगतेय. या गोष्टीआधी माझ्या तोंडून 'च्यायला'सुद्धा गेलेलं नव्हतं. त्या अर्ध्या शब्दाचं पूर्ण रूप काय आहे हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं तोंडावर येऊ द्यायचं नाही, अशी आमच्या घरची शिस्त.

आणि नशीब बघा, मला नोकरी मिळाली शिव्या गोळा करायची.

आधी मी श्रीधरकाकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एकवीस वर्षं. नाटकवाल्यांची पुस्तकं यायची, त्यात कुणी शिवी दिली की पहिलं अक्षर ठेवून पुढे मी तीन फुल्या मारायचे. लेखक चिडायचे. श्रीधरकाका म्हणायचे, "उल्काताई, बरोबर केलंत." मग छापखाना बसला. काकांच्या मुलाच्या डोक्यातून कर्वेनगरच्या दोन खोल्यांत एक मराठी चर्चास्थळ उभं राहिलं. नाव 'पायरी'. पाककृती, भाड्याच्या खोल्या, शेतीचा सल्ला, राजकारण, आणि या सगळ्याखाली हाणामारी. लोक इतकी घाण लिहू लागले की काकांनी मला बोलावलं. "गाळणी लावायची आहे. शब्द तुम्ही द्या, यंत्राचं योगेश बघेल."

योगेश आमचा प्रोग्रामर. पोरगा हुशार, पण तोंडात सतत चिंगम. मी त्याला पहिली यादी दिली ती बंद पाकिटात. त्याने पाकीट उघडलं, वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

पहिल्याच दिवशी फज्जा. गाळणी अक्षरं जुळवून बघायची, शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे तिला कळायचं नाही. यादीत ती एक इंग्रजी शिवी होती, दोन अक्षरी. ती दोन अक्षरं 'फक्त'मध्येही येतात. सकाळी अकरापर्यंत 'फक्त' लिहिणारा प्रत्येक माणूस शिवराळ ठरला होता. लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याने गांडूळखतावर सुरेख लेख लिहिला, तो सहा वेळा उडाला. सातव्यांदा त्याने लिहिलं, 'जमिनीतल्या त्या किड्याचं खत'. पोरं एकमेकांना 'भेंडी' म्हणतात हे योगेशने सांगितलं, तर मी भाबडेपणाने भेंडी यादीत घातली. पाककृती विभागातल्या बायकांनी मला फाडून खाल्लं.

मग आम्ही शहाणे झालो. अख्खा शब्दच धरायचा. मधली टिंबं, रेघा, मोकळ्या जागा काढून टाकायच्या. आकड्यांची अक्षरं करायची, ऱ्हस्व-दीर्घ एकच मानायचं, 'आआआ' लांबवलं तर एकच 'आ' धरायचा, रोमन लिपीतलं मराठीत फिरवून बघायचं. तरी कुणी नवीन पळवाट काढली की ती मी वहीत टिपायची: तारीख, मजकूर जसाच्या तसा, लिहिणाऱ्याचं टोपणनाव, आणि त्यावर काय नियम लावला. नियम यंत्रात चढला की योगेश शेजारी सही करायचा. छापखान्यातली सवय. मुद्रित हातावेगळं केलं की सही. योगेश म्हणायचा, "मॅडम, हे सगळं सिस्टिममध्ये असतं." मी म्हणायचे, "असू दे. सही कर."

या नोकरीत माझी एक सवय मात्र कुणी मागितली नव्हती. गाळणीतून सुटलेली शिवी मला दिसली की मी स्वतः त्या लेखनात जायचे आणि हाताने फुल्या मारायचे. मजकूर आधी वहीत उतरवायचा, मग पडद्यावर फुल्या मारायच्या. त्याशिवाय मला चैन पडायचं नाही. माझ्या पायरीवर चिखल नको.

त्या सवयीने एका मुलीची नोकरी जाऊ पाहत होती.

ही गोष्ट २०१३ ची. जुलैतली एक दुपार. दारात एक मुलगी उभी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र उलटं करून लटकवलेलं. "उल्का मॅडम कोण?" म्हणाली. तिचं नाव भाग्यश्री. मूळची परभणीची, इथे एका आयटी कंपनीत टेस्टर, नोकरीला पाच महिने झालेले, म्हणजे अजून कच्चीच. धायरीत तीन मुलींबरोबर राहायची. तिने आमच्या स्थळावर लिहिलं होतं की बाहेरगावच्या मुलींना पुण्यात खोली देताना लोक काय काय विचारतात. चांगलं लिहिलं होतं. मला आठवत होतं, कारण त्यात मला शुद्धलेखनाच्या दोनच चुका सापडल्या होत्या.

"माझं खातं बंद केलंय तुम्ही," ती म्हणाली. "शिवीगाळीसाठी. मी कुणाला शिवी दिली?"

योगेशने काढून बघितलं. तिने खरंच तीनदा तो शब्द लिहिला होता. सरळ, स्वच्छ अक्षरांत. तिन्ही वेळा गाळणीने पकडलं, आणि तीनदा पकडलं की खातं आपोआप बंद, हा नियम माझाच. तिचं वाक्य होतं: 'या माणसाने मला रांड म्हटलं आहे, कृपया कारवाई करा.'

ज्याने म्हटलं होतं त्याचं खातं ठणठणीत. टोपणनाव 'मितभाषी'.

शिवी देणारा वेष बदलून आत शिरतो, आणि शिवी खाणारी ती जशीच्या तशी सांगते म्हणून दारातच धरली जाते. हे यंत्र मी केलं होतं. मला कुणीतरी हाणायला हवं होतं, पण हाणणारं कुणी नव्हतं, म्हणून मी योगेशला म्हटलं, "ते चिंगम थूक आधी."

"खातं सोडा मॅडम," भाग्यश्री म्हणाली. तिचे हात बॅगेच्या पट्ट्याशी सारखे चाळा करत होते. "मितभाषी म्हणजे केदार. माझ्या टीमचा लीड. त्याने ऑफिसच्या मेलवरूनच खातं काढलंय, त्यामुळे ते नाकारत नाही. मी कंपनीत तक्रार केली. समिती आहे आमच्याकडे. तर तो म्हणतो, मी लिहिलंच काय? दाखवा. आणि तुमच्या साइटवर सगळ्या फुल्या आहेत."

तिने छापून आणलेले कागद टेबलावर ठेवले. अठरा लेखनं. प्रत्येकात एक अक्षर आणि तीन फुल्या. त्या तीन फुल्या मी ओळखल्या. एकवीस वर्षं मी त्याच मारत आले होते.

"तो म्हणतो, या फुल्या मी मारल्या नाहीत, साइटवाल्यांनी मारल्या. त्याखाली मी काहीही लिहिलेलं असू शकतं. सोमवारी शेवटची बैठक आहे. पुरावा नाही निघाला तर खोटी तक्रार म्हणून माझ्यावरच येतंय. कच्ची नोकरी आहे मॅडम. काढतील."

मी योगेशकडे बघितलं. मूळ मजकूर असेलच की कुठेतरी आत.

योगेशने मान हलवली. "आपल्याकडे एडिट केलं की जुनं पुसलं जातं. हिस्टरी ठेवू या म्हणून मी दोनदा मागे लागलो होतो. सर्व्हरवर जागा नाही म्हणालात."

म्हणालेच होते. शिवाय असंही म्हणाले होते की कचरा साठवून कुणाला ठेवायचाय.

भाग्यश्री उठली. "ठीक आहे," म्हणाली. तिच्या त्या 'ठीक आहे'ने मला आणखी लाज वाटली. रडली असती तर पाणी तरी दिलं असतं. ती दारापर्यंत गेली आणि तेवढ्यात माझी नजर कपाटाकडे गेली. वही.

"बस," मी ओरडले. "बस खाली! योगेश, चहा सांग."

वहीत सगळं होतं. मी फुल्या मारण्याआधी उतरवलेलं, त्या त्या दिवशी, माझ्याच टपोऱ्या अक्षरात. एप्रिलच्या बारा तारखेला मितभाषीने पहिल्यांदा लिहिलं ते 'रां*'. आमची गाळणी फुली काढून टाकायची, उरायचं नुसतं 'रां', आणि ते कुठल्याच शिवीशी जुळायचं नाही. म्हणून आम्ही फुलीला कुठलंही अक्षर मानायचा नियम लावला. मग तो मध्ये शून्य घालू लागला, 'रां०ड'. ते बंद केलं तर रुपयाचं नवं चिन्ह 'र'च्या जागी आलं. ते चिन्ह नीट बसायचं नाही, पुढच्या काना-मात्रेखाली टिंबांचं एक वर्तुळ उमटायचं, पण वाचणाऱ्याला बरोबर कळायचं. तेही बंद केलं. मग त्याने शब्द दोन वाक्यांत फोडला: 'छि! नाल पडलीये वाटतं धायरीत.' आमचं यंत्र उद्गारचिन्हापाशी वाक्य तोडायचं, त्यामुळे त्याला छिनाल दिसलीच नाही. आणि मे महिन्यात 'आर अँड डी', इंग्रजी अक्षरं सलग वाचली की तोच शब्द.

"ते ऑफिसात पण आलं," भाग्यश्री हळूच म्हणाली. "मी कँटीनमध्ये गेले की म्हणायचे, आर अँड डी आलं. आमच्याकडे तो विभागच नाही."

अठराच्या अठरा नोंदी होत्या. प्रत्येकीशेजारी योगेशची सही, आणि यंत्रात नियम चढल्याची तारीख-वेळही तीच. माझा जीव भांड्यात पडला. पण पुरता पडायच्या आत भाग्यश्री म्हणाली, "मॅडम, सोमवारी तुम्हाला येऊन वाचून दाखवावं लागेल. वही कुणाची, अक्षर कुणाचं, हे तुम्हीच सांगू शकता."

वाचून. मोठ्याने.

श्रीधरकाकांना विचारायला गेले तर त्यांनी कपाळाला हात लावला. "उल्काताई, तुम्ही चारचौघांत असले शब्द बोलणार? एक झकास प्रत काढा, फुल्या मारून द्या. त्यांना कळेलच की."

"काका, फुल्यांमुळेच सगळं रामायण झालंय."

"सभ्यता नावाचं काही आहे की नाही?"

"आहे ना. केदारही तीच सांगतोय," मी म्हटलं आणि बाहेर आले. पुढचे तीन दिवस काका माझ्याशी फक्त चहापुरतं बोलले.

शनिवारी, रविवारी मला एका जागी बसवेना. वरणाला फोडणी द्यायची तर मोहरी जळायची. पोळी लाटता लाटता मी पाठ करत होते, मनात. मनात शब्द सरळ यायचा. तोंडाशी आला की जीभ टाळूला चिकटायची आणि 'रा' म्हणून मी थांबायचे. रविवारी सकाळी ओट्याशी उभी राहून मी सात वेळा 'रा' म्हटलं.

"काय गं, गाणं बसवतेयस?" मागून आई म्हणाली. माझी आई कुसुम, शहात्तर वर्षांची, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण सांगितलं. सगळं सांगितलं, शब्द सोडून.

आई स्टुलावर बसली. भेंडी चिरायला घेतली, तीन चिरल्या, मग सुरी ठेवली.

"एकोणीसशे बासष्टमध्ये," ती म्हणाली, "मी डी.एड.ला होते. सायकलवरून येताना लक्ष्मी रोडवर एकजण रोज आडवा यायचा आणि काहीतरी म्हणायचा. मी घरी येऊन सांगितलं, एक माणूस वाईट बोलतो. वडील म्हणाले, काय बोलतो? मला सांगता येईना. ते म्हणाले, अगं सांग तरी. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, म्हणजे तसं काही नसेल. आणि माझी सायकल बंद केली."

इतक्या वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं.

"काय बोलायचा गं?" मी विचारलं.

आईने सांगितलं. पूर्ण शब्द, वर्गात श्रुतलेखन घालतात तसा, थांबून, स्पष्ट. तोच शब्द. मग म्हणाली, "आता तू म्हण. 'ड' नीट उच्चार. पुटपुटलीस तर परत कुणीतरी म्हणेल, तसं काही नसेल."

मी म्हटला. माझ्या आईसमोर, स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी साडेनऊला. आभाळ काही कोसळलं नाही. शेजारच्या दुर्गाबाईंनी मात्र खिडकी लावून घेतली.

सोमवारी मी आणि योगेश त्यांच्या कंपनीत गेलो. काचेची खोली, गार हवा, टेबलाभोवती चारजण. अध्यक्ष अपूर्वा मॅडम, पस्तिशीच्या, हुशार दिसत होत्या, आणि अवघडलेल्याही. एका टोकाला एक मुलगी लॅपटॉपवर टिपण घ्यायला बसलेली. भाग्यश्री माझ्या उजवीकडे. समोर केदार. मला वाटलं होतं गुंड दिसेल. छे! इस्त्रीचा शर्ट, नम्र चेहरा, माझ्यासाठी खुर्ची ओढून देणारा.

"मॅडम, मला या ताईंबद्दल आदर आहे," तो म्हणाला. "पण फुल्या त्यांच्याच आहेत हे त्यांनीच मान्य केलंय. मी तिथे चेष्टा करतो, हो. पण शिवी? मी कधी एक शिवी लिहिल्याचं कुणी दाखवावं."

अपूर्वा मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्हाला संकोच वाटत असेल तर पहिलं अक्षर सांगितलंत तरी चालेल. आम्ही समजून घेऊ."

किती चांगुलपणाने म्हणाल्या त्या! तो चांगुलपणा बघूनच माझं डोकं फिरलं.

"नाही," मी म्हटलं. "समजून घेऊ नका. ऐका."

मी वही उघडली. "बारा एप्रिल, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मितभाषी. वाक्य असं: 'परभणीच्या रांडांना भाड्याने खोली हवी.' लिहिताना 'रां'नंतर 'ड'च्या जागी फुली. ही फुली माझी नाही, त्यांची. माझ्या तीन असतात."

'ड' स्पष्ट आला. टिपण घेणाऱ्या मुलीची बोटं थांबली. केदारचा चेहरा तसाच नम्र होता, फक्त कान लाल झाले.

दुसरं वाचलं. तिसरं. प्रत्येकाचा वेष सांगितला: इथे शून्य, इथे रुपयाचं चिन्ह, इथे रोमन अक्षरं आणि 'ए'च्या जागी ईमेलच्या पत्त्यातलं चिन्ह. इथे शब्द उद्गारचिन्हाने तोडला. प्रत्येकावर आम्ही कुठला नियम लावला आणि तो लावल्यावर किती दिवसांत त्यांनी पुढची वाट काढली. योगेशने शेजारी यंत्रातल्या तारखांचा कागद ठेवला. तारखा जुळत होत्या.

"साहेब," मी केदारला म्हटलं, "चेष्टा करणाऱ्याला दर आठवड्याला कुलूप तपासून नवी किल्ली कशाला करावी लागते? शब्द माहीत होता, चालणार नाही हेही माहीत होतं, म्हणूनच वेष घालत होतात."

"अहो, पण त्यातलं एक तर आर अँड डी आहे! तो विभाग असतो," तो म्हणाला.

"आपल्याकडे नाही," अपूर्वा मॅडम म्हणाल्या.

सतरावी नोंद वाचून झाली आणि अठरावीशी मी अडकले. ती सर्वांत लांब होती, भाग्यश्रीच्या आईवरची. मी तोंड उघडलं आणि काही बाहेर येईना. सगळी तयारी वाया. केदारने मान किंचित वर केली.

भाग्यश्रीने वही आपल्याकडे ओढली. माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, परभणीच्या हेलात, न थांबता. मग वही परत माझ्यापुढे सरकवली. "हे वाचून मी आईला फोन केला होता," ती म्हणाली, "आणि काय झालं विचारल्यावर सांगता आलं नव्हतं."

मग टिपण घेणाऱ्या मुलीने घसा खाकरला. "मॅडम, हे मिनिट्समध्ये कसं लिहू? म्हणजे... स्टार टाकू?"

अपूर्वा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. का कुणास ठाऊक, माझ्याकडे.

"एक स्टार टाकायचा नाही," मी म्हटलं. "जसं आहे तसं."

छापलेला कागद तासाभराने माझ्यापुढे आला, साक्षीदाराच्या सहीसाठी. केदार तोवर निघून गेला होता. त्याचं ओळखपत्र टेबलावर राहिलं होतं, ते समितीने मागून घेतलं होतं. मी चष्मा पुसला आणि कागद वाचला, मुद्रित वाचतात तसा, ओळीखाली पट्टी धरून. अठरा वाक्यं. एकही अक्षर गाळलेलं नव्हतं, एकही फुली नव्हती. जन्मात पहिल्यांदा मी असल्या कागदावर काहीही न खोडता खाली सही केली.

घरी आल्यावर आईने दार उघडलं आणि आधी तेच विचारलं. "काय बोललीस?"

मी चपला काढल्या, तिच्यासमोर बसले आणि पहिल्या वाक्यापासून सगळं तिला सांगितलं.